कच्च्या अंड्याचं मेयोनीज: लिंबू आणि फ्रीज एकमेकांच्या आड कसे येतात

प्रश्न: मी मिक्सरमध्ये एक अख्खं अंडं, कपभर तेल, एक चमचा लिंबाचा रस आणि मीठ घालून मेयोनीज करते. अंडं आधी धुऊन घेते, मेयोनीज झालं की लगेच फ्रीजमध्ये ठेवते. लिंबामुळे जंतू मरतात ना? मग साल्मोनेलाची भीती का दाखवतात? आणि तिरामिसू, मूस यांत कच्चं अंडं असतं, त्याचं काय करायचं?

उत्तर:

धुणं, लिंबू आणि फ्रीज या तुमच्या तीन उपायांपैकी पहिला इथे फारसा उपयोगाचा नाही. उरलेले दोन आपापल्या जागी बरोबर आहेत, पण तुम्ही ज्या क्रमाने ते वापरता त्यात एकामुळे दुसरा निकामी होतो. हे कसं, ते कळलं की काय बदलायचं तेही आपोआप कळतं.

आधी धुण्याबद्दल. कोंबडीची विष्ठा कवचाला लागून येणारे जंतू ही एक वाट झाली. पण अंड्यांच्या बाबतीत सगळ्यात जास्त डोकेदुखी ठरलेला प्रकार म्हणजे ‘साल्मोनेला एन्टेरिटिडिस’, आणि तो आतून येतो. कोंबडीच्या अंडाशयात आणि अंडनलिकेत त्याने ठाण मांडलेलं असतं. कवच तयार होण्याआधीच तो अंड्यात शिरतो. कोंबडी धडधाकट दिसते, अंडं स्वच्छ आणि न तडकलेलं असतं, फोडल्यावर वास-रंग नेहमीसारखाच. अशा अंड्याला वरून कितीही धुतलं तरी आतलं तसंच राहतं. उलट गार पाण्यात अंडं बुडवून ठेवलं तर आतला भाग आकसतो आणि कवचाच्या छिद्रांतून बाहेरचं पाणी, त्यातल्या जंतूंसकट, आत ओढलं जाऊ शकतं. कवच मळलेलं असेल तर ते अंडं कच्च्या पदार्थासाठी घेऊच नका, उकडायला ठेवा.

अशी अंडी किती असतात? अमेरिकेत पूर्वी मांडलेला एक अंदाज साधारण २०,००० अंड्यांत १ असा होता. जागेनुसार आणि कोंबड्यांच्या लसीकरणानुसार हा आकडा खूप बदलतो. ब्रिटनमध्ये लसीकरणाची योजना इतकी लागू पडली की २०१७ साली तिथल्या अन्न-प्राधिकरणाने त्या योजनेतली अंडी अर्धकच्ची खायला लहान मुलं आणि गरोदर स्त्रियांनाही हरकत नाही असं जाहीर केलं. पण आपल्या हातातलं अंडं कोणत्या कळपातलं आहे हे ठाऊक नसेल तर तो दिलासा आपल्याला लागू होत नाही. शिवाय एका अंड्याचा हिशेब वेगळा आणि ३० अंडी एका भांड्यात फोडण्याचा वेगळा. वरचाच अंदाज धरला तर ३० अंड्यांच्या घाण्यात एक तरी बाधित अंडं असण्याची शक्यता जवळपास ६६७ मध्ये १ होते, आणि ते एक अंडं घाण्यातल्या सगळ्या वाट्यांत पोचतं. मेयोनीजमुळे एकाच जेवणातले बरेच जण एकदम आजारी पडतात ते यामुळे.

ताज्या बाधित अंड्यात जंतू सहसा मोजकेच असतात आणि बहुतेकदा पांढऱ्या भागात किंवा बलकाच्या पडद्याच्या बाहेरच्या बाजूला. पांढरा भाग त्यांना मानवत नाही. तो अल्कधर्मी असतो, त्यात जंतूंची भिंत तोडणारं लायसोझाइम असतं आणि लोह पकडून ठेवणारं प्रथिन असतं, त्यामुळे जंतूंची उपासमार होते. बलक मात्र त्यांच्यासाठी पंगतच. अंडं जसं जुनं होतं तसा बलकाचा पडदा सैल पडतो आणि जंतू आत उतरतात. अंडं उबदार जागी असेल तर हे लवकर घडतं. मग मूठभरांचे लाखो व्हायला वेळ लागत नाही. म्हणून कच्च्या वापरासाठी अंडं ताजं आणि सतत फ्रीजमध्ये राहिलेलं हवं, या सल्ल्यात तथ्य आहे. त्याने धोका कमी होतो, जात नाही. आणि मेयोनीज करताना आपण स्वतःच तो पडदा फोडतो, बलक ढवळतो आणि जंतूंना थेट पंगतीला बसवतो.

आता लिंबाकडे येऊ. आम्लाने साल्मोनेला मरतो हे खरं आहे, पण किती आम्ल, कोणतं आम्ल आणि किती उबेत किती वेळ, या तिन्हींवर ते अवलंबून आहे.

तुमच्याच कृतीचा हिशेब करू. मेयोनीजमध्ये तेल जास्त दिसत असलं तरी जंतू तेलात राहत नाहीत. ते पाण्याच्या भागात, म्हणजे तेलाच्या थेंबांमधल्या फटीत राहतात, आणि आम्लही तिथेच असतं. म्हणून तेल हिशेबातून वगळायचं. कवचाशिवाय एका अंड्याचं वजन सुमारे ५० ग्रॅम, त्यातलं पाणी ३७-३८ ग्रॅम. एक चमचा म्हणजे ५ मिलि लिंबाचा रस, त्यात सायट्रिक आम्ल जेमतेम पाव ग्रॅमच्या आसपास. म्हणजे पाण्याच्या भागात आम्ल अर्धा-पाऊण टक्का. त्यातलंही बरंचसं अंड्याची प्रथिनं आणि अल्कधर्मी पांढरा भाग शोषून घेतात. पीएच म्हणजे आम्लतेचा आकडा, तो जितका कमी तितकं मिश्रण जास्त आम्ल. कच्च्या अंड्याच्या मेयोनीजसाठी जी सर्वसाधारण मर्यादा धरतात ती म्हणजे पीएच ४.१ किंवा त्याहून कमी. तुमचं मिश्रण त्याच्या बरंच वर राहणार. चवीला आंबट लागतं, पण जंतूला ते पुरत नाही. पीएच ५ च्या आसपास तो उबेत आरामात वाढतो.

याच्या शेजारी दुसरं मिश्रण ठेवा: फक्त एक बलक आणि १५ मिलि, म्हणजे एक टेबलस्पून, ५ टक्क्यांचं व्हिनेगर. बलकात पाणी ८-९ ग्रॅमच असतं आणि अल्कधर्मी पांढरा भाग नाही. व्हिनेगरमधलं आम्ल पाऊण ग्रॅम. पाण्याच्या भागात ते ३ टक्क्यांपर्यंत जातं. तेल तेवढंच, चव थोडी जास्त आंबट, पण आम्लाचा जोर चौपट. म्हणजे कच्चं करायचंच असेल तर पहिला बदल हा की पांढरा भाग वगळायचा. मिक्सरमधल्या ‘दोन मिनिटांत मेयो’ कृती अख्खं अंडं घेतात कारण पात्याला बुडायला पुरेसा ऐवज लागतो; आम्लाच्या दृष्टीने तीच त्यांची लंगडी बाजू.

व्हिनेगर की लिंबू, हा प्रश्न चवीपुरता नाही. आम्लाचा जो रेणू तुटलेला नसतो, म्हणजे ज्याने आपला हायड्रोजन अजून सोडलेला नसतो, तोच जंतूच्या पडद्यातून सहज आत शिरतो आणि आत जाऊन हायड्रोजन सोडतो. तो बाहेर फेकता फेकता जंतूची शक्ती संपते. पीएच ४.१ ला व्हिनेगरमधल्या अॅसेटिक आम्लाचे ८० टक्क्यांहून जास्त रेणू असे अखंड असतात. लिंबातल्या सायट्रिक आम्लाचे जेमतेम १० टक्के. म्हणून पीएचचा आकडा सारखाच असला तरी व्हिनेगर जास्त मारक ठरतं.

आणि इथेच फ्रीज आड येतो. आम्ल जंतूला मारतं ते उबेत, जंतूचे व्यवहार चालू असताना. थंडीत तो निपचित पडतो; वाढत नाही, पण आम्लाचा मारही त्याला फारसा लागत नाही. पुरेसं आंबट मेयोनीज १८ ते २२ अंशांवर ठेवलं तर साल्मोनेलाची संख्या घसरत जाते. तेच ताबडतोब ४ अंशांवर ठेवलं तर जंतू दिवसेंदिवस जिवंत राहू शकतात. म्हणून व्हिनेगरच्या, पीएच ४.१ च्या आतल्या मेयोनीजसाठी सल्ला असा असतो की आधी किमान २४ तास त्या खोलीच्या तापमानावर झाकून ठेवा आणि मग फ्रीजमध्ये न्या. लिंबासाठी ही मुदत ७२ तासांपर्यंत लांबते.

हे वाचून आजचं मेयोनीज ओट्यावर काढून ठेवू नका! ही युक्ती फक्त पीएच खरोखर उतरलेला असतानाच चालते. तुमच्या एका चमच्याच्या मिश्रणाला २४ तास बाहेर ठेवणं म्हणजे जंतूंना दिवसभर उबवणं. फ्रीज वाढ थांबवतो आणि आम्ल जीव घेतं, ही दोन वेगळी कामं आहेत. आम्ल अपुरं असेल तिथे फ्रीजशिवाय गत्यंतर नाही, आणि तिथे फ्रीज फक्त वेळ काढतो. पीएच मोजायचा झाल्यास ३ ते ५ च्या अरुंद पट्ट्यातल्या कागदी पट्ट्या घ्या आणि तेल घालायच्या आधी बलक-आम्लाच्या मिश्रणात बुडवा. तेलाने पाण्याच्या भागाचा पीएच बदलत नाही, पण पट्टीवर तेल बसलं तर रंग नीट उमटत नाही. बलकाच्या पिवळेपणामुळे रंग फसवतो, म्हणून आकडा सीमेवर दिसला तर तो वरचाच धरा.

खरं सांगायचं तर घरच्या स्वयंपाकात मी या आम्लाच्या वाटेला दुय्यम मानतो. व्हिनेगरची तीव्रता बाटलीगणिक वेगळी, बलक लहानमोठे, खोलीचं तापमान ऋतूप्रमाणे. त्यापेक्षा बलकाला उष्णता देणं सोपं आहे आणि ती मोजताही येते. ७१ अंश सेल्सिअसला साल्मोनेला जवळजवळ तत्काळ मरतो. अडचण एवढीच की नुसता बलक ६५ अंशांपासून घट्ट व्हायला लागतो आणि ७० च्या आसपास गोळा होतो. त्यावर उपाय म्हणजे तापवण्याआधीच त्यात पाणी आणि आम्ल घालणं. प्रथिनं विरळ झाली की एकमेकांत अडकायला त्यांना जास्त तापमान लागतं, आणि ७१ अंशांना मिश्रण गुळगुळीत सॉससारखं राहतं.

कपभर मेयोनीजसाठी २ बलक, २ टेबलस्पून व्हिनेगर किंवा लिंबाचा रस, २ टेबलस्पून पाणी, अर्धा चमचा साखर, अर्धा चमचा मीठ, एक चमचा मस्टर्ड पेस्ट आणि २४० मिलि तेल घ्या. तेल सोडून बाकी सगळं एका लहान, जाड बुडाच्या पातेल्यात फेटून एकजीव करा. पातेलं लहानच हवं, नाहीतर एवढंसं मिश्रण पसरून कडेला आधी शिजतं आणि थर्मामीटरचं टोक बुडत नाही. अगदी मंद आचेवर, किंवा वाफ येणाऱ्या पाण्यावर भांडं ठेवून, सपाट लाकडी उलथन्याने किंवा रबरी स्पॅट्युलाने तळ आणि कडा सतत खरवडत राहा. साधारण ६५ अंशांना मिश्रण दाट व्हायला लागेल. पातेलं तिरपं करून मिश्रण एका कोपऱ्यात गोळा करा आणि थर्मामीटरचं टोक त्यात मधोमध धरा, तळाला टेकवू नका. ७१ दिसलं की लगेच उतरवा. थर्मामीटर नसेल तर चमच्याच्या पाठीवर दाट थर बसतो आणि एक-दोन ठिकाणी बुडबुडा फुटतो ती खूण, पण तिच्यात चूक व्हायला जागा बरीच आहे. थर्मामीटरचा खर्च कच्च्या अंड्याचे पदार्थ वारंवार करणाऱ्याने करावाच.

दोन बारीक गोष्टी इथे घात करतात. एक म्हणजे भांड्याच्या कडेला उडालेले कच्चे शिंतोडे. ते तापतच नाहीत आणि नंतर मेयोनीजमध्ये ओघळतात, म्हणून कडा खाली खरवडत राहायच्या. दुसरं म्हणजे कच्चं मिश्रण फेटलेला चमचा किंवा थर्मामीटरचं टोक तसंच शिजलेल्या मिश्रणात बुडवणं. फेटणी बदला किंवा साबणाने धुऊन पुसा. ब्लेंडरचं भांडं कच्च्या मिश्रणासाठी वापरलंच नाही तर उत्तम.

उतरवलेलं मिश्रण ब्लेंडरच्या भांड्यात ओतून ४-५ मिनिटं निवू द्या, मग यंत्र चालू ठेवून तेल घाला. पहिले दोन-तीन टेबलस्पून अक्षरशः थेंबाथेंबाने, नंतर बारीक धारेने. तापवलेला बलक तेल धरून ठेवण्यात कच्च्यापेक्षा मागे राहत नाही. मेयोनीज उलट थोडं जास्त दाटच होतं. तापवताना कणी पडली असेल तर आच मोठी होती किंवा ढवळणं थांबलं होतं. कणी थोडी असेल तर बारीक गाळणीतून गाळून पुढे जा. अंडाभुर्जी झाली असेल तर ती खाऊन टाका आणि नवं घ्या.

तेल घालताना मेयोनीज फुटलं तर नेहमीचा सल्ला असतो, ‘नवा बलक घ्या आणि त्यात फुटलेलं हळूहळू फेटा.’ इथे तो पाळू नका, कारण एवढा खटाटोप करून घालवलेला धोका त्या एका कच्च्या बलकाबरोबर परत येतो. स्वच्छ भांड्यात एक चमचा उकळून कोमट केलेलं पाणी आणि अर्धा चमचा मस्टर्ड घ्या, आणि त्यात फुटलेलं मेयोनीज चमचा-चमचा घालत फेटा. बहुतेक वेळा जमतं. कच्च्या बलकावर कडकडीत गरम तेलाची धार सोडण्याची एक युक्ती फिरत असते, तीही विश्वासाची नाही. धार पडते तिथे बलक शिजतो, बाकीचं मिश्रण कोमटच राहतं, आणि सरासरी तापमान किती झालं हे कोणालाच ठाऊक नसतं.

अंडं कवचासकट पाश्चराइज करायचं असेल तर ५७ अंशांच्या पाण्यात किमान ७५ मिनिटं लागतात, आणि ते तापमान अर्ध्या अंशाच्या आत धरून ठेवणारं सू-वीड यंत्र लागतं. गॅसवर पातेलं ठेवून हे होत नाही. दोन अंश खाली गेलात तर काम अर्धवट, चार-पाच अंश वर गेलात तर अंडं उकडायला लागलं. अशा अंड्याचा पांढरा भाग किंचित दुधाळ होतो आणि फेसाळायला जास्त वेळ घेतो. पाश्चराइज केलेला तयार द्रव बलक मिळत असेल तर तो सगळ्यात बिनघोर. अंडंच नको असेल तर हँड ब्लेंडरच्या उंच भांड्यात १०० मिलि थंड दूध आणि २०० मिलि तेल घ्या, दाटसर झालं की एक टेबलस्पून व्हिनेगर आणि मीठ घाला. चव बलकाची नसते, पण पोत जवळ जातो.

तिरामिसू आणि मूसमध्ये आम्ल नसतंच, त्यामुळे तिथे उष्णता हा एकच मार्ग. तिरामिसूसाठी बलक, साखर आणि थोडी कॉफी किंवा वाइन वाफेवर फेटत ७१ अंशांपर्यंत न्या, पूर्ण थंड करा आणि मग मस्कारपोनेत मिसळा. त्यात घातलेली दारू जंतू मारते हा समज सोडून द्या, तेवढ्या प्रमाणात ती काही करत नाही. साखरेबद्दल एक सांगायला हवं: साखर बलकाला लवकर गोठू देत नाही ही सोय, पण तीच साखर जंतूलाही उष्णतेपासून काहीसं वाचवते. त्यामुळे गोड मिश्रणात ६०-६२ अंशांवर समाधान मानू नका, ७१ गाठाच.

मूसमधला पांढरा भाग नुसता तापवला तर ६२ च्या आसपास गोठायला लागतो. एका पांढऱ्यामागे ५० ग्रॅम साखर घालून वाफेवर सतत ढवळत ७१ पर्यंत न्या आणि तापवून झाल्यावर फेसाळा. आधी फेसाळून मग तापवलं तर फेसातली हवा उष्णता आत जाऊ देत नाही. उकळता पाक फेसावर ओतण्याच्या पद्धतीत पाक ११८ अंशांचा असतो, पण भांडं आणि फेस त्याची उष्णता खातात. शेवटी थर्मामीटरवर किती आलं ते बघा, पाकाच्या आकड्यावर जाऊ नका. आइस्क्रीमच्या कस्टर्डलाही हेच लागू. गोठवल्याने साल्मोनेला मरत नाही, नुसता थांबतो.

पाच वर्षांखालची मुलं, पासष्टीपुढची माणसं, गरोदर स्त्रिया आणि प्रतिकारशक्ती कमी करणारी औषधं घेणारे यांच्या ताटात आम्लाच्या भरवशावरचं मेयोनीजही वाढू नका, तापवलेल्या बलकाचंच द्या. यात मेयोनीजचा आणखी एक दोष आहे: चरबीत गुंडाळलेले जंतू पोटातल्या आम्लातून सुखरूप पार होऊ शकतात, त्यामुळे थोडे जंतूही आजारी पाडायला पुरतात. जुलाब, ताप आणि पोटात कळा खाल्ल्यानंतर ६ तासांपासून ६ दिवसांपर्यंत कधीही सुरू होऊ शकतात, म्हणून लोक बहुधा आदल्या रात्रीच्या जेवणाला दोष देतात आणि तीन दिवसांपूर्वीचं सँडविच विसरतात. जुलाबात रक्त, उतरत नसलेला मोठा ताप किंवा लघवी कमी होणं दिसलं तर डॉक्टरांकडे जा. वर सांगितलेल्यांपैकी कोणी असेल तर त्याहून आधीच.

तापवलेल्या बलकाचं मेयोनीज झाकून ४-५ अंशांवर ठेवा आणि चार दिवसांत संपवा. बटाट्याच्या किंवा अंड्याच्या सॅलडमध्ये मिसळलंत की हिशेब पुन्हा बदलतो: बटाटा आम्ल शोषतो, पीएच चढतो, आणि सुरी, हात किंवा फळीवरून आलेल्या जंतूंना अडवायला काही उरत नाही. म्हणून बटाटे पूर्ण थंड करून मगच मेयोनीज घाला, आणि ते सॅलड दोन तासांपेक्षा जास्त टेबलावर ठेवू नका.